अर्ज गेला, पण रिझ्युमे जुनाच गेला: दुरुस्ती कुठे, कशी आणि केव्हा करायची

अर्ज सबमिट केल्यावर चूक दिसली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर अर्ज तडकाफडकी मागे घेऊन पुन्हा भरायला बसतात, नाहीतर सापडेल त्या एचआरच्या पत्त्यावर लांबलचक माफीनामा पाठवून मोकळे होतात. पहिल्या मार्गाने चालू अर्जच हातचा जाऊ शकतो. दुसऱ्या मार्गाने, ज्या चुकीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं तिच्यावर आपणच बोट ठेवतो. म्हणून आधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधायची: नेमकं काय गेलंय, ती चूक पुढे कुठे आडवी येणार आहे आणि आपली प्रत आत्ता कुणाकडे पडून आहे.

हे सगळं खासगी कंपन्यांतल्या नोकऱ्यांबद्दल आहे, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या आयटी, बँकिंग, बॅक ऑफिस, इंजिनिअरिंग अशा जागांबद्दल, जिथे अर्ज पोर्टलवरून, मेलवर किंवा ओळखीतून जातो. सरकारी परीक्षांच्या अर्जाचं गणित वेगळं. तिथे दुरुस्तीची मुदत जाहिरातीतच दिलेली असते. स्टाफ सिलेक्शन कमिशन तर फॉर्म दुरुस्त करायला वेगळी मुदत उघडतं आणि त्याचे पैसे घेतं, पहिल्या दुरुस्तीला २०० रुपये, दुसरीला ५००. तिथे मेलामेली करून काही होत नाही, मुदत पाळायची एवढंच.

आधी गेलेली प्रत उघडून बघा

लॅपटॉपवरची फाइल बघून निष्कर्ष काढू नका. गेली ती प्रत बघा. मेलने अर्ज केला असेल तर Sent मध्ये जाऊन जोडलेली फाइल तिथूनच उघडा. लिंक्डइनवरून Easy Apply केलं असेल तर तिथल्या अप्लाय केलेल्या जागांच्या यादीत जाऊन तो अर्ज उघडा आणि कोणत्या नावाची फाइल गेली ते बघा. कंपनीच्या पोर्टलवर खातं असेल तर लॉगिन करून अर्जासोबतची कागदपत्रं तपासा. खात्याशिवाय अर्ज घेणारी पोर्टल्स असतात, तिथे पोच म्हणून आलेल्या मेलपलीकडे हाती काही नसतं. मग ब्राउझरच्या हिस्टरीतली वेळ आणि फोल्डरमधल्या फाइलींची नावं-वेळा जुळवून अंदाज बांधावा लागतो.

इथे बऱ्याच जणांकडून एक गोष्ट सुटते. पोर्टलवर आपण दोन वेगळ्या गोष्टी देतो, एक जोडलेली पीडीएफ आणि दुसरा चौकटीचौकटीने भरलेला फॉर्म. पीडीएफ अपलोड केली की पोर्टल तिच्यातून माहिती उचलून फॉर्म आपोआप भरतं आणि ते भरताना हमखास घोळ घालतं. कंपनीच्या नावाच्या जागी पद जातं, दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकांत मिसळतात, महिना भलताच पडतो. त्यामुळे पीडीएफ अगदी बरोबर असूनही फॉर्म चुकलेला असू शकतो.

पुढचा मुद्दा म्हणजे रिक्रूटर बहुतेकदा आधी फॉर्मच बघतो. त्याच्यासमोर शेकडो अर्ज असतात आणि तो चाळणी लावतो ती नोटीस पिरियड, एकूण अनुभव, सध्याचा पगार, ठिकाण या चौकटींवर. पगाराचा आकडा लाखांत विचारला असताना कुणी पूर्ण रुपयांत लिहिलं, किंवा अपेक्षित सीटीसी १२ ऐवजी १२० पडलं, तर त्याची पीडीएफ उघडलीच जात नाही. ‘वर्षांचा अनुभव’ या चौकटीत ४ ऐवजी ० राहिलं तरी तेच. रिझ्युमेत कुठेतरी ‘मॅनेजमेंट’चं स्पेलिंग चुकलंय म्हणून रात्रभर तळमळण्यापेक्षा हे आकडे आधी बघा.

कोणती चूक सुधारायची आणि कोणती सोडून द्यायची

मी चुकांचे तीन गट करतो. पहिल्या गटात संपर्काची चूक येते. मोबाइलचा एक आकडा चुकला किंवा मेल आयडीत एक टिंब कमी पडलं, तर निवड झाली तरी फोन येणार नाही. ही चूक त्याच दिवशी सुधारायची, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. जीमेलच्या पत्त्यात टिंब असलं काय, नसलं काय, मेल पोचतोच. पण ऑफिसच्या किंवा दुसऱ्या कुठल्या सेवेच्या पत्त्याला ही सवलत मिळेल असं गृहीत धरू नका.

दुसरा गट सगळ्यात महत्त्वाचा, कारण या चुका आत्ता कुणाला दिसत नाहीत, ऑफर आल्यावर दिसतात. नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, पदाचं नाव, पदवीचं वर्ष, टक्के, पगार या गोष्टी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये कागदांशी ताडून बघितल्या जातात. रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पदवीचं प्रमाणपत्र असे कागद मागितले जातात. शिवाय अनेक ठिकाणी भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएनवरची नोंद बघतात. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर View खाली Service History मध्ये प्रत्येक कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलं याच्या तारखा दिसतात. तुमच्या रिझ्युमेतल्या तारखा आणि या तारखा वेगळ्या निघाल्या की तपासणाऱ्या एजन्सीच्या अहवालात विसंगती म्हणून नोंद होते.

त्या नोंदीत ही टायपिंगची चूक होती की मुद्दाम केलेला खोटेपणा होता हे लिहिलेलं नसतं. २०२१ च्या जागी २०१९ पडलं तर अनुभव दोन वर्षांनी फुगतो आणि बघणाऱ्याला ती बनवाबनवी वाटते. महिना-दोन महिन्यांचा फरक उलट दिशेने, म्हणजे अनुभव कमी दाखवणारा असेल, तर सहसा प्रश्न येत नाही. पण महिना-दोन महिन्यांच्या फरकाने एखादा रिकामा काळ झाकला जात असेल तर येतो. नव्यानेच पास झालेल्यांच्या बाबतीत हेच टक्क्यांना लागू होतं. ६० टक्क्यांची अट असलेल्या जागेला ५९.६ चे ६० लिहिले तर तो नुसता पूर्णांक राहत नाही, अट पूर्ण केल्याचा दावा ठरतो. अशा गोष्टी मुलाखतीआधीच, लेखी सुधारून ठेवायच्या. ऑफर लेटर हातात पडल्यावर तीच दुरुस्ती केली तर ती पकडले गेल्यावर दिलेल्या खुलाशासारखी दिसते.

तिसऱ्या गटात दिसण्याच्या चुका येतात. एखादं स्पेलिंग, दोनदा पडलेला पूर्णविराम, एका ठिकाणी जाड आणि दुसरीकडे साधा टाइप, पान दोनवर ओघळलेली एकच ओळ. या सोडून द्या. स्पेलिंगसाठी वेगळा मेल पाठवू नका. रिक्रूटरने ती चूक पाहिलीच नसेल तर तुम्ही ती दाखवताय, आणि पाहिली असेल तर त्याने मत बनवून कधीच पुढचा अर्ज उघडलाय. याला दोनच अपवाद आहेत. एक म्हणजे कंपनीचं नाव चुकणं. एका कंपनीसाठी लिहिलेला सारांश दुसरीकडे गेला आणि पहिल्याच परिच्छेदात भलत्याच कंपनीत काम करायची इच्छा व्यक्त झाली, तर सुधारलेली प्रत पाठवायलाच हवी. दुसरा अपवाद म्हणजे कामच लिहिण्याचं किंवा तपासण्याचं असणं. कंटेंट, प्रूफ, टेस्टिंग, कायदा यांत रिझ्युमे हाच कामाचा पहिला नमुना असतो.

जुनी प्रत गेली पण तिच्यात खोटं काही नाही, फक्त शेवटच्या वर्षाचं काम नाही, अशी परिस्थिती असेल तर जाहिरात पुन्हा वाचा. जाहिरातीत ठळकपणे मागितलेली गोष्ट जुन्या प्रतीत नसेल तर नवी पाठवा. असेल तर राहू द्या. मुलाखतीत सांगता येईल.

अर्ज ज्या वाटेने गेला त्याच वाटेने दुरुस्ती

मेलने पाठवला असेल आणि चूक पहिल्या काही सेकंदांतच दिसली तर जीमेलमधलं Undo दाबा. ही सोय मुळात ५ सेकंदांवर असते, पण सेटिंग्जच्या जनरल भागात ती ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. नोकरी शोधत असाल तर ती आजच वाढवून ठेवा. आउटलुकमधलं Recall मात्र बाहेरच्या कंपनीला पाठवलेल्या मेलवर चालत नाही. ते एकाच संस्थेच्या आतल्या मेलसाठी आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. वेळ निघून गेली असेल तर त्याच मेलला रिप्लाय करून दुरुस्त प्रत पाठवा. नवा मेल सुरू केला की रिक्रूटरच्या इनबॉक्समध्ये तुमच्या दोन प्रती दोन ठिकाणी पडतात आणि कोणती खरी हे त्याला शोधावं लागतं.

रिझ्युमेची फाइल न जोडता गुगल ड्राइव्हची लिंक दिली असेल तर तुमचं काम सगळ्यात सोपं. ती फाइल डिलीट करून नवी टाकली तर जुनी लिंक मोडेल, म्हणून तसं करू नका. ड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून File information मधून Manage versions उघडा आणि तिथे नवी पीडीएफ चढवा. लिंक तीच राहते, आतली प्रत बदलते. मग खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता ती लिंक एकदा उघडून बघा. लिंक असलेल्या कुणालाही दिसेल अशी परवानगी नसेल तर रिक्रूटरला आजवर रिझ्युमे दिसलाच नसेल, आणि मग चूक वेगळीच निघेल.

कंपनीच्या पोर्टलवरून अर्ज केला असेल तर आधी ते पोर्टल कुणाच्या प्रणालीवर चालतं ते ओळखा. पत्त्याच्या पट्टीत myworkdayjobs.com दिसलं तर ते वर्कडे. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुण्यातल्या बऱ्याच जागा याच रस्त्याने जातात. इथे प्रत्येक कंपनीचं खातं वेगळं असतं, त्यामुळे एका कंपनीच्या खात्यात रिझ्युमे बदलला म्हणून दुसरीकडे काही होत नाही. एकदा सबमिट झालेला अर्ज उमेदवाराला सहसा बदलता येत नाही. लॉगिन केल्यावर दिसणाऱ्या Candidate Home मध्ये तुमच्या अर्जांची यादी आणि त्यांची स्थिती दिसते आणि तिथेच अर्ज मागे घेण्याचा पर्याय असतो, Withdraw Application.

नेमकं इथेच घोडं पेंड खातं. मागे घेतलेल्या त्याच जागेसाठी पुन्हा अर्ज करता येईल की नाही हे कंपनीने प्रणालीत काय ठरवलंय त्यावर अवलंबून असतं. अनेक ठिकाणी पुन्हा अर्ज करायला गेलं की ‘तुम्ही या जागेसाठी आधीच अर्ज केला आहे’ असंच उत्तर येतं आणि दार बंद. शिवाय अर्ज आधीच एखाद्या रिक्रूटरने पुढे सरकवला असेल तर मागे घेतल्याने ते सगळं पुसलं जातं. म्हणून मागे घेण्याचं बटण सगळ्यात शेवटी, रिक्रूटरने स्वतः ‘मागे घेऊन परत भरा’ असं लेखी सांगितलं तरच दाबायचं. दुसऱ्या मेल आयडीने नवं खातं काढून अर्ज करायचा सल्लाही लोक देतात. तो ऐकू नका. मोबाइल नंबर आणि नाव तेच असल्याने दोन अर्ज शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांत तारखा वेगळ्या असतील तर तुमच्याबद्दलची शंका तुम्हीच पुराव्यासकट हजर केलेली असते.

टॅलिओसारख्या काही जुन्या प्रणालींमध्ये, कंपनीने मुभा ठेवली असेल तर, जाहिरात बंद होईपर्यंत भरलेला अर्ज उघडून बदलता येतो. त्यामुळे कुठल्याही पोर्टलवर आधी लॉगिन करून ‘एडिट’ किंवा ‘अपडेट’सारखं काही दिसतंय का ते बघायचं आणि जाहिरातीची शेवटची तारीख पाहायची. पत्त्यात greenhouse.io किंवा lever.co असेल तर बहुधा खातं नसतंच, फॉर्म भरला की गेला. तिथे त्याच मेल आयडीने पुन्हा फॉर्म भरला तर बऱ्याचदा तो आधीच्याच उमेदवाराच्या नोंदीला जोडला जातो, पण काही कंपन्या पुन्हा अर्ज करण्यावर मर्यादा घालतात. एकदा पुन्हा भरणं ठीक. तिसऱ्यांदा भरलात तर नोंद गोंधळलेल्या माणसाची होते.

लिंक्डइनच्या Easy Apply ने गेलेला अर्ज तुम्हाला बदलता येत नाही आणि मागेही घेता येत नाही. जाहिरातीत ती टाकणाऱ्या व्यक्तीचं नाव दिसत असेल तर तिला तिथेच छोटा निरोप द्यायचा, एवढीच वाट उरते. नोकरी डॉट कॉमवर आधी प्रोफाइलमधला रिझ्युमे आणि चौकटी दोन्ही बदला, कारण रिक्रूटर जाहिरातीला आलेल्या अर्जांशिवाय थेट साठ्यातही शोध घेतात आणि तिथे नोटीस पिरियड, पगार, अनुभव यांवर चाळणी लागते. पण प्रोफाइल बदललं म्हणजे आधी गेलेल्या अर्जातली प्रतही आपोआप बदलली असं समजू नका. रिक्रूटरने ती उतरवून घेतली असेल तर त्याच्या संगणकावर जुनीच राहणार.

ओळखीतून, म्हणजे कंपनीतल्या कुणी रेफर केलं असेल, तर तुम्ही थेट एचआरला गाठण्याआधी त्या माणसाला सांगा. ‘दादा, मी पाठवलेला सीव्ही जुना होता, हा नवा. पोर्टलवर बदलता येतो का, नाहीतर भरतीच्या टीममधल्या माणसाला पाठवाल का?’ एवढा निरोप पुरे. बाहेरच्या माणसाने मध्येच थेट दुसरा अर्ज केला तर रेफरल कुणाच्या नावावर धरायचं याचा घोळ होतो आणि त्या बिचाऱ्याचा बोनसही बुडू शकतो. कन्सल्टंटच्या बाबतीत हे आणखी काटेकोर असतं. कन्सल्टंटने तुमचा प्रोफाइल एकदा कंपनीला पाठवला की ठरावीक महिने तुम्ही त्याच्यामार्फत आलेले उमेदवार मानले जाता. दुरुस्त प्रत त्यालाच द्या, आणि त्याने कंपनीला कोणती प्रत पाठवली आहे ती तुम्हालाही पाठवायला सांगा. अनेक कन्सल्टंट स्वतःच्या साच्यात रिझ्युमे पुन्हा टाइप करतात. तारखांची चूक कधी कधी तिथेच शिरते, तुमच्या फाइलमध्ये नसतेच.

एक उदाहरण, अगदी तपशिलात

समजा, पुण्यातली एक टेस्टर आहे. तिने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या वर्कडे पोर्टलवर शुक्रवारी संध्याकाळी क्यूए ऑटोमेशनच्या जागेसाठी अर्ज केला आणि रविवारी रिझ्युमे बघताना तिला कळलं की दोन वर्षांपूर्वीची फाइल चढली आहे. त्या जुन्या फाइलमध्ये तीन गोष्टी चुकलेल्या होत्या. पहिली नोकरी जून २०१९ ते मे २०२१, दुसरी जून २०२१ पासून चालू. पण दुसऱ्या नोकरीचा मजकूर पहिलीवरून कॉपी-पेस्ट केल्यामुळे तिथेही सुरुवात जून २०१९ अशीच राहिली होती. सारांशात मोबाइल टेस्टिंगवर भर होता, तर जाहिरात एपीआय ऑटोमेशनची होती. आणि एका साधनाचं स्पेलिंग चुकलं होतं.

फॉर्म मात्र तिने हाताने तपासून भरला होता, त्यामुळे तिथे जून २०२१ बरोबर होतं. म्हणजे पोर्टलवर फॉर्म एक सांगतोय आणि पीडीएफ दुसरंच. तारीख दुसऱ्या गटातली चूक, सुधारलीच पाहिजे. सारांश जाहिरातीच्या मुख्य मागणीशी जुळत नव्हता, तोही सुधारायचा. स्पेलिंग नव्या फाइलमध्ये आपोआप नीट होणार, त्याचा उल्लेख करायचं कारण नाही.

तिने आधी कागद काढले. दुसऱ्या कंपनीच्या नेमणूकपत्रावरची रुजू होण्याची तारीख आणि ईपीएफओच्या Service History मधली तारीख दोन्ही जुळवल्या. हे महत्त्वाचं आहे, कारण दुरुस्ती पाठवल्यावर तीही चुकीची निघाली तर तिसऱ्या मेलला कुणी विचारत नाही. मग नवी पीडीएफ मोबाइलवर आणि लॅपटॉपवर उघडून बघितली.

आता पाठवायचं कुणाला? अर्जाची पोच ज्या पत्त्यावरून आली तो नो-रिप्लाय होता. तिथे उत्तर देणं म्हणजे विहिरीत चिठ्ठी टाकणं. तिने लिंक्डइनवर ती जाहिरात शोधली. जाहिरातीखाली भरती करणाऱ्या टीममधल्या एका व्यक्तीचं नाव होतं. तिथे निरोप टाकून मेलचा पत्ता मागितला. सोमवारी दुपारी तो मिळाला. पत्ता मिळालाच नसता तर कंपनीच्या करिअर पानावर उमेदवारांच्या मदतीसाठी दिलेला पत्ता किंवा फॉर्म वापरता आला असता. नावावरून पत्त्याचा अंदाज बांधून चार-पाच जणांना एकदम मेल टाकायचा प्रकार मात्र टाळावा. एकाच वेळी पाच जणांकडे गेलेलं काम पाचही जण दुसरा करेल म्हणून सोडतात.

मेलच्या विषयात पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक असलाच पाहिजे. रिक्रूटर एकाच वेळी वीस-पंचवीस जागा हाताळत असतो आणि प्रणालीत शोधतो तो क्रमांकानेच. क्रमांक जाहिरातीच्या पानावर आणि पोचीच्या मेलमध्ये असतो. विषय साधारण असा:

```
Corrected resume - QA Automation Engineer - R-12345
```

मेल इंग्रजीतूनच जाईल, पण त्याचा आशय एवढाच ठेवा:

‘नमस्कार. मी शुक्रवारी वरील पदासाठी करिअर पोर्टलवरून अर्ज केला आहे. अर्जासोबत माझ्या रिझ्युमेची जुनी प्रत जोडली गेली. त्या प्रतीत सध्याच्या नोकरीची सुरुवात जून २०१९ अशी छापली गेली आहे, बरोबर महिना जून २०२१ आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये दिलेल्या तारखा बरोबर आहेत. दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे, तिच्यात गेल्या दोन वर्षांतलं एपीआय ऑटोमेशनचं कामही आहे. कृपया माझ्या अर्जाला ही प्रत लावावी. अर्ज पुन्हा भरणं आवश्यक असेल तर कळवावं. अर्जासाठी वापरलेला मेल आयडी आणि मोबाइल नंबर खाली दिला आहे.’

यात काय नाही ते बघा. ‘मनःपूर्वक क्षमस्व’ नाही, लॅपटॉप बिघडल्याची गोष्ट नाही, मी सहसा खूप काळजीपूर्वक काम करते वगैरे प्रशस्तिपत्र नाही. चुकलेली तारीख आणि बरोबर तारीख दोन्ही शब्दांत लिहिल्या आहेत, कारण पुढे व्हेरिफिकेशनमध्ये प्रश्न आला तर हा मेलच पुरावा म्हणून दाखवता येतो. नुसतं ‘अपडेटेड रिझ्युमे जोडला आहे’ असं लिहिलं असतं तर दोन वर्षांचा अनुभव गुपचूप कमी केल्यासारखं दिसलं असतं. आणि ‘अर्ज पुन्हा भरू का’ हे विचारल्यामुळे निर्णय रिक्रूटरकडे गेला. मागे घेण्याबद्दलचा लेखी होकार हवा तो याच मेलच्या उत्तरात मिळतो.

मेल गेल्यावर चार-पाच कामाचे दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली एक ओळ टाकायची, आणि मग विषय सोडून द्यायचा. रिक्रूटरने शब्दही न लिहिता प्रत बदललेली असू शकते. ‘मिळाली’ असं कळवण्याची पद्धत सगळीकडे नाही. फोनवर मागे लागल्याने काम लवकर होत नाही. संपर्काचा नंबरच चुकला असेल तेव्हाच फोन करा.

मुलाखत ठरली असेल तर

हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित टप्पा. एचआरला दुरुस्त प्रत दिली म्हणजे मुलाखत घेणाऱ्यांकडेही तीच गेली असं होत नाही. पॅनेलला मुलाखतीचं निमंत्रण पाठवताना जी पीडीएफ जोडली गेली, तीच ते उघडून बसलेले असतात, आणि ती बहुधा जुनी असते. त्यामुळे मुलाखतीची तारीख ठरवणाऱ्या माणसाला त्याच मेलमध्ये विचारा की पॅनेलकडे दुरुस्त प्रत गेली आहे का.

मुलाखत सुरू झाल्यावर स्वतःची ओळख करून देतानाच एका वाक्यात सांगून टाका: ‘तुमच्याकडे माझी जुनी प्रत असू शकते. तिच्यात दुसऱ्या कंपनीची सुरुवात २०१९ पडली आहे, ती २०२१ आहे. दुरुस्त प्रत एचआरकडे दिली आहे, हवी असेल तर आत्ता चॅटमध्ये पाठवते.’ आणि लगेच पुढच्या वाक्यावर जा. समोरच्याने मध्येच तारखा विचारल्यावर सांगणं आणि आधी आपण सांगणं यात फार फरक पडतो. प्रत्यक्ष मुलाखत असेल तर दुरुस्त रिझ्युमेच्या दोन-तीन छापील प्रती न्या.

ऑफरनंतर व्हेरिफिकेशनचा वेगळा फॉर्म भरायला येतो. तिथे रिझ्युमे बघून भरू नका, कागद समोर ठेवून भरा. दिवस, महिना, वर्ष सगळं रिलीव्हिंग लेटरप्रमाणे. एखाद्या जुन्या कंपनीने ईपीएफओमध्ये नोकरी सोडल्याची तारीखच भरली नसेल किंवा चुकीची भरली असेल, तर तसं आधीच कळवा आणि रिलीव्हिंग लेटर जोडा. ही तुमची चूक नसली तरी अहवालात विसंगती म्हणूनच उमटते.

जुनी फाइल पुन्हा जाऊ नये म्हणून

बहुतेक वेळा जुनी प्रत जाते ती निष्काळजीपणापेक्षा यंत्राच्या सोयीमुळे. लिंक्डइन आधी वापरलेले रिझ्युमे साठवून ठेवतं आणि Easy Apply च्या वेळी त्यातलाच एक आधीच निवडलेला असतो. घाईत पुढे-पुढे दाबलं की तोच जातो. जॉब अॅप्लिकेशनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन साठवलेल्या जुन्या फाइली काढून टाका, एकच ठेवा. नोकरी डॉट कॉम आणि मोबाइलचं डाउनलोड फोल्डर यांचीही तशीच साफसफाई करा. व्हॉट्सअॅपवरून कधी काळी कुणाला पाठवलेला रिझ्युमे फोनमध्ये तसाच पडून असतो आणि मोबाइलवरून अर्ज करताना तोच वर येतो.

फाइलच्या नावात फायनल, फायनल टू, लेटेस्ट असले शब्द नकोत. बाहेर जाणाऱ्या फाइलचं नाव कायम एकच:

```
Firstname_Surname_QA_Resume.pdf
```

जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये वर्ड स्वरूपातच ठेवा, त्यांच्या पीडीएफ ठेवूच नका. पोर्टलवर पीडीएफ निवडायला गेलात की निवडण्यासारखी एकच उरते. आणि पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडून वरच्या टॅबवर काय लिहून येतंय ते एकदा बघा. वर्डच्या फाइलमधलं Title बदललेलं नसेल तर फाइलचं नाव कितीही नीटनेटकं असलं तरी टॅबवर भलतंच दिसू शकतं. मित्राचा साचा वापरला असेल तर त्याचं नाव, नाहीतर ज्या कंपनीसाठी तो रिझ्युमे मुळात बनवला तिचं. वर्डमध्ये File खालच्या Info मध्ये जाऊन ते Title बदला, आणि मग नव्याने पीडीएफ काढा.